किंडलचा मेनू जपानीत, पुस्तक मराठीत: भाषा बदलणे, पुस्तक चढवणे, अक्षर मोठे करणे

गोव्यात हे वारंवार घडते. घरातला कोणी बोटीवर असतो, तो योकोहामाला किंवा कोबेला बोट लागली की सेकंडहँड दुकानातून स्वस्तात एक किंडल उचलतो आणि सुट्टीवर आला की घरच्या म्हाताऱ्या वाचकाच्या हातात ठेवतो. यंत्र उत्तम असते, बॅटरीही चांगली असते. पण चालू केल्यावर पडद्यावर सगळे जपानी दिसते. दोन-चार ठिकाणी बोट लावून बघितले जाते, काहीतरी भलतेच उघडते आणि मग ते यंत्र कपाटात जाते. पुढच्या सुट्टीत पुन्हा तोच प्रश्न.

इथे उदाहरणाला एकच यंत्र घेतले आहे: २०१८ चे किंडल पेपरव्हाइट, सहा इंची पडदा, खाली मायक्रो यूएसबीचे तोंड, मेनू जपानीत. वाचणारे डिचोलीचे एक आजोबा, त्यांना मराठी पुस्तके मोठ्या अक्षरात हवी आहेत. मेनू रशियन, जर्मन किंवा पोर्तुगीज असला तरी रस्ता हाच, फक्त ओळखायची अक्षरे बदलतात.

आधी काय करू नये

सगळ्यात जास्त नुकसान होते ते घाईने रिसेट केल्यामुळे. रिसेट केले की भाषा निवडायचा पडदा सुरुवातीलाच येतो हे खरे, म्हणून पुष्कळजण तोच सल्ला देतात. पण त्यानंतर यंत्र वाय-फाय मागते, मग ॲमेझॉनचे खाते मागते, आणि आधीच्या मालकाने यंत्र आपल्या खात्यातून काढलेले नसेल तर गुंता वाढतो. भाषा बदलायला रिसेटची काही गरज नाही. मेनूत `リセット` किंवा `初期化` दिसले तर ते रिसेट आहे, त्याला हात लावू नका. `再起動` म्हणजे नुसते बंद होऊन पुन्हा चालू होणे, त्याने काही बिघडत नाही.

विचारणा करणारी चौकट उघडली तर `キャンセル` म्हणजे रद्द, `はい` म्हणजे हो आणि `いいえ` म्हणजे नाही. या तीन खुणा कागदावर लिहून ठेवल्या तर निम्मी भीती जाते. प्रत्येक पायरीला बोट लावण्याआधी फोनने पडद्याचा फोटो काढून ठेवा. चुकून दुसरीकडे गेलात तर कुठल्या ओळीवरून आलात ते फोटोत सापडते, आणि फोनवरून कोणाला विचारायचे असेल तर सांगायला तोंडी वर्णन पुरत नाही.

वाय-फाय सध्या बंदच ठेवा. वरच्या पट्टीत विमानाचे चित्र असते, ते चालू असू द्या. आधीच्या मालकाचे खाते यंत्रावर असताना नेट जोडले की त्याची पुस्तके, जाहिराती, सगळे पुन्हा दिसायला लागते.

भाषा बदलणे

शब्द वाचता येत नाहीत तेव्हा चित्रे आणि जागा यांच्या आधाराने जायचे. आधी मुख्य पडद्यावर या. पुस्तक उघडे असेल तर पडद्याच्या अगदी वरच्या भागावर मधोमध टिचकी मारा, पट्टी उघडेल, तिच्यात डावीकडे घराचे चित्र किंवा मागे जाण्याचा बाण असतो.

पुढची वाट यंत्रातल्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. नवे सॉफ्टवेअर असेल तर पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. उजेडाची पट्टी आणि गोल चित्रांची ओळ उघडते, त्यात दातेरी चाकाचे चित्र असते, ते दाबा. जुने सॉफ्टवेअर असेल तर बोट ओढून काही होत नाही. तिथे वरच्या पट्टीत उजव्या टोकाला एकाखाली एक तीन टिंबे असतात, ती दाबली की यादी उघडते आणि त्यात `設定` ही दोन अक्षरांची ओळ असते. दोन्ही वाटा सेटिंग्जच्या एकाच पानावर नेतात.

या पानावर `端末オプション` ही ओळ शोधायची. पहिली दोन अक्षरे किचकट, पुढची पाच सुटसुटीत आणि टोकदार, असा तिचा चेहरा आहे. ती साधारण यादीच्या मध्यावर असते. नक्की कितवी ते सांगण्यात अर्थ नाही, कारण आवृत्तीनुसार क्रम बदलतो. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीखाली बारीक अक्षरात आत काय काय आहे ते लिहिलेले असते. त्या बारीक ओळीत `言語` दिसले की हीच ओळ.

`言語` ही जोडी मात्र नीट बघून घ्या, सगळे तिच्यावरच आहे. पहिल्या अक्षरात वर एक छोटी रेघ, तिच्याखाली आडव्या रेघांची चळत आणि तळाला एक चौकोन. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला तोच आकार पुन्हा, जरा दाबून लिहिलेला. म्हणजे एकच खूण दोनदा दिसते. पडदा चष्मा लावून बघा, यादीतली अक्षरे लहान असतात.

`端末オプション` उघडल्यावर `言語と辞書` ही ओळ दाबा. आत थोड्याच ओळी असतात: भाषा, कीबोर्ड, शब्दकोश. वरची `言語` दाबली की भाषांची यादी येते, आणि इथे सुटका होते, कारण प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिलेले असते. `English (United Kingdom)` निवडा, खाली `OK` दाबा. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होते, त्याला काही मिनिटे लागतात. या वेळात पडदा थिजल्यासारखा वाटतो, म्हणून बटण दाबत बसू नका. बॅटरी अगदी तळाला असताना हे काम करू नका, आणि पावसाळ्यात लाईट जायचा भरवसा नसतो तेव्हा आधी पुरे चार्ज करून घ्या. खरोखरच अडकले तर पॉवरचे बटण ४० सेकंद धरून ठेवायचे. मधेच काही उमटले तरी ४० सेकंद पुरे करायचे. त्याने पुस्तके जात नाहीत.

मराठी मेनू किंडलमध्ये नाही, इंग्रजीवरच थांबावे लागते. पुस्तक मराठीत वाचायला त्याचा काही अडथळा नाही. मेनूची भाषा आणि पुस्तकाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधीच्या मालकाने पासकोड ठेवला असेल तर सेटिंग्जपर्यंत पोचताच येत नाही. पासकोडच्या जागी `111222777` टाकले की यंत्र कारखान्यातून आल्यासारखे कोरे होते. हा एकच प्रसंग असा, की जिथे रिसेटशिवाय वाट नाही. त्यानंतर वाय-फाय आणि स्वतःचे ॲमेझॉन खाते हाताशी लागते.

मेनू इंग्रजी झाला, तरी जपानी दिसतेच

याची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि लोकांना वाटते की भाषा बदललीच नाही. खरे कारण तीन वेगवेगळ्या जागी असते.

मुख्य पडद्यावर जपानी पुस्तकांची मुखपृष्ठे दिसतात, ती आधीच्या मालकाच्या खात्यातून आणि दुकानातून येतात. यंत्र झोपलेले असताना पडद्यावर जपानी जाहिरात दिसते, तीही मेनूच्या भाषेला जुमानत नाही. जपानमध्ये जाहिरातवाले मॉडेल स्वस्तात विकले जाते, ते तसलेच आहे एवढाच त्याचा अर्थ. मुखपृष्ठांवर उपाय आहे, आणि जाहिरातही बहुधा त्यानेच जाते: सेटिंग्जमध्ये `Your Account` किंवा `My Account` उघडून `Deregister Device` दाबणे. त्या खात्यावरून उतरवलेली पुस्तके यंत्रावरून जातात, म्हणून हे काम स्वतःची पुस्तके चढवण्याआधी उरकून घ्या, नंतर नको.

तिसरी जागा कीबोर्ड. मेनू इंग्रजी झाला तरी टाइप करायला गेले की बहुधा जपानी कीबोर्डच उघडतो आणि वाय-फायचा पासवर्ड घालता येत नाही. कीबोर्डच्या खालच्या ओळीत पृथ्वीगोलाचे चित्र असलेली कळ असते, ती दाबून इंग्रजी आणा. ती दिसत नसेल तर `Language and Dictionaries` मध्ये `Keyboards` उघडा आणि इंग्रजीवर खूण करा. पासवर्ड चुकल्याचा निरोप येतो तेव्हा निम्म्या वेळा पासवर्ड बरोबरच असतो, चुकीचा कीबोर्ड असतो.

पूर्वीपासून यंत्रावर असलेले एखादे जपानी पुस्तक उघडले तर पाने उलट्या दिशेने उलटतात. तो बिघाड नाही. उभ्या ओळींचे जपानी पुस्तक उजवीकडून सुरू होते. मराठी पुस्तक उघडले की सरळ.

पुस्तक चढवणे: आधी केबल

किंडल कॉम्प्युटरला लावले आणि कॉम्प्युटरला ते दिसतच नाही, याचे पहिले कारण केबल. घरात पडलेल्या मायक्रो यूएसबीच्या पुष्कळ केबलींत आत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, माहिती नेणाऱ्या नसतात. ओळखायची रीत सोपी आहे. केबल लावल्यावर किंडलच्या पडद्यावर `USB Drive Mode` असा मजकूर आला तर केबल ठीक. नुसता बॅटरीवर विजेचा बाण आला आणि बाकी पडदा तसाच राहिला तर केबल बदला. यंत्राला पासकोड असेल तर तो टाकून पडदा उघडल्यावरच कॉम्प्युटरला ड्राइव्ह दिसते.

दोन चांगल्या केबलींनीही दिसत नसेल आणि चार्जिंग मात्र होत असेल, तर यंत्राच्या तोंडात बघा. किनारपट्टीवर पावसाळ्यात तोंडाच्या बारीक पिनांवर हिरवट थर चढतो. चार्जिंगच्या पिना आणि माहितीच्या पिना वेगळ्या असल्याने एक चालते, एक चालत नाही असे होते. यंत्र बंद करून मऊ कोरड्या ब्रशने पुसा. पाणी, थुंकी किंवा टाचणी घालू नका. भागले नाही तर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे कॉन्टॅक्ट क्लीनर असतो.

ड्राइव्ह उघडली की `Kindle` नावाखाली `documents` नावाचा फोल्डर असतो. पुस्तके त्यातच जातात. शेजारी `fonts` असतो, त्याचे काम पुढे येईल. `system` नावाचा फोल्डर दिसला तर त्याला हात लावू नये. पुस्तके कॉपी झाली की ड्राइव्ह `Eject` करून मगच केबल काढा. नुसती ओढून काढली तर फाइल अर्धवट उतरते, आणि ते पुस्तक यादीत दिसते पण उघडत नाही.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला किंडल लावणार असाल तर जरा जपून. तिथल्या मशीनवर पेनड्राइव्हमधून फिरणारे व्हायरस असतात, ते फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट टाकतात. किंडल स्वतः बिघडत नाही, पण `documents` गायब झाल्यासारखे वाटते आणि मग माणूस घाबरून रिसेट करतो.

२०२४ चे नवे पेपरव्हाइट असेल तर ते पेनड्राइव्हसारखे दिसत नाही, फोन जोडल्यासारखे दिसते. विंडोजवर त्याने काही अडत नाही. मॅकवर मात्र नुसते जोडून फोल्डर उघडत नाही, वेगळा प्रोग्राम लागतो.

ईपब कॉपी केले, पण यादीत दिसत नाही

केबल ठीक, फोल्डर ठीक, फाइल `documents` मध्ये डोळ्यांना दिसते आहे, आणि किंडलवर मात्र पुस्तक नाही. अशा वेळी फाइलच्या नावाचा शेवट बघा. `.epub` असेल तर तेच कारण. किंडल ईपब फाइल थेट वाचत नाही. ॲमेझॉनच्या `Send to Kindle` सेवेने ईपब पाठवले तर चालते, कारण तिथे वाटेत रूपांतर होते. केबलने टाकलेल्या फाइलचे रूपांतर कोणी करत नाही.

केबलच्या वाटेने जायचे तर कॉम्प्युटरवर `calibre` हा मोफत प्रोग्राम घ्या. त्यात ईपब आत ओढायचे, पुस्तक निवडून `Edit metadata` उघडायचे आणि `Languages` या रकान्यात `Marathi` लिहायचे. मग `Convert books` उघडून वर उजवीकडे `Output format` मध्ये `AZW3` निवडायचे आणि `OK`. किंडल जोडलेले असेल तर `Send to device` दाबले की फाइल बरोबर जागी जाते. `MOBI` निवडू नका. तो जुना प्रकार आहे, त्यात अक्षरांवर ताबा कमी राहतो.

भाषेचा तो रकाना पुष्कळजण सोडून देतात आणि पुढे रडतात. किंडल पुस्तकाच्या भाषेची खूण बघून कोणते फॉन्ट दाखवायचे ते ठरवते. मराठी पुस्तकावर इंग्रजीची खूण राहिली तर फॉन्टच्या यादीत इंग्रजी फॉन्ट येतात. ते बदलत राहिले तरी देवनागरी अक्षर जागचे हलत नाही, कारण त्या फॉन्टांत देवनागरी नसतेच. `Send to Kindle` ने पाठवताना तर भाषेची खूण रिकामी असली की फाइल परतसुद्धा येते. देवनागरीतले कोकणी पुस्तक असेल तर त्यावरही मराठीचीच खूण घाला. वाचताना त्याने काही फरक पडत नाही आणि पुढचा त्रास वाचतो.

पुस्तक तरीही दिसत नसेल तर यादीवरची गाळणी बघा. वर `All` आणि `Downloaded` असे भाग असतात. एकदम दोनशे पुस्तके ओतली असतील तर किंडल त्यांची आतून सूची बनवत बसते, तोवर यंत्र मंद चालते आणि बॅटरी भराभर उतरते. आजोबांसाठी पहिल्या दिवशी दहा पुस्तके भरपूर झाली.

अक्षर मोठे करणे

याला मेनूची भाषा कळायची गरजच नाही. पुस्तक उघडा, पडद्यावर दोन बोटे टेकवा आणि एकमेकांपासून लांब न्या, फोनवरचा फोटो मोठा करतो तसे. अक्षर मोठे होते आणि ओळी नव्याने जुळतात. बोटे थरथरत असतील तर हे जमत नाही. मग वरच्या भागावर टिचकी मारून पट्टी उघडा. तिच्यात `Aa` असे चिन्ह असते आणि ते जपानी मेनूतही `Aa` असेच लिहिलेले असते. ते दाबले की आकाराची पट्टी दिसते, उजवीकडे नेली की अक्षर मोठे. आकार एकदा ठरवला की दुसऱ्या पुस्तकांनाही तोच लागू होतो, दर पुस्तकाला पुन्हा करावा लागत नाही.

आकार फार वाढवला तर एका ओळीत तीन-चार शब्दच मावतात, आणि दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. `Aa` च्या आत `Layout` मध्ये डावीकडे जुळवणी निवडली की ती जातात. समास सगळ्यात अरुंद ठेवा, सहा इंची पडद्यावर तेवढीच जागा हाती लागते. पुष्कळदा आकार आणखी वाढवण्यापेक्षा अक्षर जाड केल्याने जास्त फरक पडतो. त्यासाठी `Font` मध्ये `Bold` ची पट्टी आहे. आपल्या मात्रा आणि वेलांट्या बारीक रेघांच्या असतात, त्या फिक्या दिसल्या की वाचणाऱ्याला अक्षर लहान आहे असेच वाटते.

मनासारखा देवनागरी फॉन्ट हवा असेल तर तो घालता येतो. ही सोय `5.9.6` या आवृत्तीपासून आहे आणि २०१८ चे पेपरव्हाइट तिच्याहून नवे आहे. गूगल फॉन्ट्सवरून `Mukta` किंवा `Noto Serif Devanagari` उतरवा. झिप फाइल उघडली की नोटोमध्ये नावात `VariableFont` असलेली एक फाइल आणि `static` नावाचा फोल्डर सापडतो. `static` मधल्या `Regular` आणि `Bold` या दोनच फाइली किंडलच्या `fonts` फोल्डरमध्ये टाका. `VariableFont` ची फाइल टाकली तर जाडी नीट लागेल याची खात्री नसते. झिप तशीच टाकली तर काहीच होत नाही. केबल काढल्यावर पुस्तक उघडून `Aa` मध्ये फॉन्टच्या यादीत नाव शोधा. दिसत नसेल तर यंत्र एकदा बंद-चालू करा.

पुस्तकाचे अक्षर मोठे झाले तरी यादीतली पुस्तकांची नावे लहानच राहतात. त्यासाठी सेटिंग्जमध्ये `Large Mode` किंवा `Display Size` असते. आवृत्तीनुसार नाव आणि जागा बदलते, `Accessibility` मध्ये आधी बघा.

अक्षर मोठे होतच नाही: पीडीएफ

सगळे करूनही एखाद्या पुस्तकाचे अक्षर हलत नसेल तर ते पुस्तक पीडीएफ आहे. नेटवर मोफत मिळणारी मराठी पुस्तके पुष्कळदा याच रूपात असतात. पीडीएफचे पान छापल्यासारखे घट्ट असते. दोन बोटांनी ते मोठे होते पण ओळी नव्याने जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक ओळ वाचायला पान डावीकडे-उजवीकडे सरकवावे लागते. आजोबा ते दोन पानांत सोडून देतील, आणि त्यात त्यांची चूक नाही. पडदा आडवा करून घेतला तर थोडा दिलासा मिळतो. नुसते यंत्र आडवे धरून पान वळत नाही.

अशा पीडीएफचे काय करायचे हे ती कोणत्या जातीची आहे यावर ठरते, आणि ते कॉम्प्युटरवर अर्ध्या मिनिटात कळते. पीडीएफ उघडा, एक ओळ निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ जशीच्या तशी मराठीत उमटली तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. ती पीडीएफ कॅलिबरमधून `AZW3` करता येते, जोडाक्षरे आणि परिच्छेद कुठेकुठे बिघडतात पण वाचता येते. चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा कचरा आला तर पुस्तक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये जुळवलेले आहे. पडद्यावर ते मराठी दिसते ते फक्त त्या फॉन्टमुळे, आत मजकूर मराठी नाहीच. रूपांतर केले की तोच कचरा किंडलवर येतो, आणि मग किंडलला मराठी येत नाही असा उगाच बोल लागतो. ओळ निवडताच येत नसेल तर पाने स्कॅन केलेली आहेत.

शेवटच्या दोन्ही जातींसाठी `k2pdfopt` हा मोफत प्रोग्राम उपयोगाचा आहे. तो मजकूर वाचायच्या भानगडीत पडत नाही. पानाच्या चित्रातून एकेक शब्द कापतो आणि लहान पडद्याच्या रुंदीला पुरतील अशा नव्या ओळी लावतो. आपल्या लिपीत शिरोरेघेमुळे शब्द सलग असतो आणि दोन शब्दांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे कापणी बरी होते. पुस्तकाच्या फाइलचे नाव इंग्रजीत, मोकळी जागा न ठेवता द्या आणि ती प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवून, तिथेच कमांड प्रॉम्प्ट उघडून हा आदेश चालवा:

```
k2pdfopt pustak.pdf -dev kp3 -ui- -x
```

शेजारी `pustak_k2opt.pdf` अशी नवी फाइल तयार होते, ती `documents` मध्ये टाकायची. पाने मूळच्या दुप्पट-तिप्पट होतात, फाइल जड होते, आणि `Aa` ने आकार बदलत नाही तो नाहीच. पहिली पाच-सहा पाने बघून मगच पूर्ण पुस्तक त्यांच्या हातात द्या. स्कॅन तिरपे असेल किंवा मागच्या पानाची शाई उमटलेली असेल तर ओळींचे तुकडे होतात. दोन स्तंभांत छापलेले मासिक बहुधा नीट जुळते. कवितांच्या ओळी मात्र एकमेकींना जोडल्या जातात, त्यामुळे कवितासंग्रह असेल तर मूळ पीडीएफच आडव्या पडद्यावर वाचलेली बरी.